यादृच्छिक चाचणीचा सारांश पुन्हा लिहिताना: कोणत्या भागाला किती शब्द, आणि का

प्रश्न: "एमडीच्या प्रबंधातली रँडमाइज्ड चाचणी एका नियतकालिकाकडे पाठवली होती. दोन गट, प्रत्येकी ६० रुग्ण. मुख्य निष्पत्तीत फरक आला नाही, दोन दुय्यम निष्पत्तींत मात्र आला. समीक्षकांनी एवढंच लिहिलं आहे की सारांश असंतुलित आहे, पुन्हा लिहा. मर्यादा २५० शब्दांची आहे. पार्श्वभूमी, पद्धती, निकाल आणि निष्कर्ष यांना प्रत्येकी किती शब्द द्यावेत? समान वाटले तर चालेल का?"

समान वाटू नका. चौघांना बासष्ट-बासष्ट शब्द दिले, तर पार्श्वभूमी आणि निष्कर्ष हे दोन्ही भाग गरजेपेक्षा फुगतात आणि पद्धती व निकाल गुदमरतात. म्हणजे समीक्षकांची तक्रार जशीच्या तशी राहते. सारांश वाचणारा समीक्षक शब्द मोजत बसत नाही. तो एकच गोष्ट शोधत असतो: पार्श्वभूमीत जो प्रश्न विचारला, तोच पद्धतींमध्ये मोजण्याजोग्या स्वरूपात आला आहे का, त्याचेच उत्तर निकालांत आकड्यांनी दिले आहे का, आणि निष्कर्षात तेच उत्तर आहे का. हा धागा एखाद्या ठिकाणी तुटला की त्याला सारांश कलंडलेला वाटतो. तुमच्या चाचणीत मुख्य निष्पत्तीत फरक नाही आणि दुय्यम निष्पत्तींत आहे, असे तुम्हीच लिहिले आहे; तेव्हा धागा कुठे तुटला असेल याचा मला बराच अंदाज आहे. तुमचा मजकूर समोर नसल्यामुळे खात्रीने मात्र सांगता येणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. काही नियतकालिके चारच शीर्षके देतात; काही पद्धतींचे आराखडा, ठिकाण, सहभागी, उपचार आणि निष्पत्ती असे तुकडे करायला लावतात. नोंदणी क्रमांक आणि निधीचा स्रोत काही ठिकाणी शब्दमर्यादेत धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. चाचणी 'नॉन-इन्फिरिऑरिटी' प्रकारची असेल, तर पूर्वनिश्चित मर्यादा पद्धतींत द्यावीच लागते आणि निष्कर्ष त्या मर्यादेच्या संदर्भातच लिहावा लागतो. तिथे पद्धतींना आणखी दहा-पंधरा शब्द जातात. तुमची चाचणी साधी, दोन समांतर गटांची आहे असे धरून पुढचे लिहितो.

अशा चाचणीसाठी २५० शब्दांत मी साधारणपणे पार्श्वभूमीला ३५ ते ४५, पद्धतींना ८० च्या आसपास, निकालांना ९५ ते १०० आणि निष्कर्षाला ३० ते ३५ शब्द देतो. हा नियम नव्हे. प्रबंध आणि शोधनिबंध तपासता तपासता माझ्या हाताला बसलेले माप आहे. त्यामागचे कारण सरळ आहे. पार्श्वभूमी वाचकाला इतरत्रही मिळू शकते आणि निष्कर्ष तो निकालांवरून स्वतः काढू शकतो, परंतु तुमच्या रुग्णांना काय दिले आणि त्यांचे काय झाले हे तुमच्याशिवाय त्याला कोणी सांगू शकत नाही. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नाही, तिथला डॉक्टर बहुधा तुमचा सारांशच वाचणार आहे आणि त्याच आधारावर रुग्णाबाबत निर्णय घेणार आहे.

मग बहुतेकांची पार्श्वभूमी ऐंशी-नव्वद शब्दांची का होते? याचे उगमस्थान मला वारंवार एकच दिसते: सिनॉप्सिस. नैतिकता समितीपुढे आणि विद्यापीठापुढे मांडलेला तो मजकूर चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहिलेला असतो. त्याचे काम परवानगी मिळवण्याचे, म्हणजे विषय महत्त्वाचा आहे आणि उपचार आशादायक आहे हे पटवून देण्याचे असते. तीन वर्षांनी त्यातलाच परिच्छेद सारांशात चिकटवला जातो आणि शब्द कमी करण्याची वेळ आली की कात्री निकालांवर चालते, कारण तिथे कंस, टक्केवारी आणि अंतराल असे सहज उडवता येण्याजोगे तुकडे असतात. परिणामी सारांशाच्या सुरुवातीला चाचणीपूर्वीची आशा तशीच राहते आणि मध्यभागी ती आशा पारखणारे आकडे गायब होतात. समीक्षकांना 'असंतुलित' असे जे जाणवते, ते बरेचदा हेच असते.

आता एक खरी चाचणी घेऊन दाखवतो, कारण तिची रचना तुमच्यासारखीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 'प्लॅसिड' ही चाचणी २०२० साली 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम स्वरूपाच्या कोविड-१९ मध्ये बरे झालेल्या दात्यांचे रक्तद्रव्य, म्हणजे कॉन्व्हलेसंट प्लाझ्मा, उपयोगी पडतो का, हा तिचा प्रश्न होता. देशातल्या ३९ सरकारी व खासगी रुग्णालयांत २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ४६४ प्रौढ रुग्ण दाखल करून घेतले गेले; २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा आणि २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार. प्लाझ्मा २०० मिलिलिटरच्या दोन मात्रांमध्ये, २४ तासांच्या अंतराने दिला. चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते. मुख्य निष्पत्ती संयुक्त होती: २८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा कोणत्याही कारणाने मृत्यू. ती प्लाझ्मा गटात ४४ जणांत आणि नियंत्रण गटात ४१ जणांत घडली. सातव्या दिवशी धाप व थकवा नाहीसा झालेल्यांचे आणि विषाणूची चाचणी निगेटिव्ह आलेल्यांचे प्रमाण मात्र प्लाझ्मा गटात जास्त होते.

मूळ शोधनिबंधाचा सारांश व्यवस्थित आहे. त्याच माहितीवरून सवयीने लिहिणारा विद्यार्थी काय लिहील, हे दाखवण्यासाठी पुढचा मसुदा मीच तयार केला आहे. नियतकालिकाचा सारांश तुम्हाला इंग्रजीत लिहायचा असेल, परंतु तोल भाषेवर अवलंबून नसतो, म्हणून नमुने मराठीत देतो. विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडले जात असल्यामुळे मराठीत शब्द कमी भरतात. तेव्हा नमुन्यातले शब्द मोजू नका, भागांचे एकमेकांशी प्रमाण पाहा.

"पार्श्वभूमी: कोविड-१९ महासाथीने संपूर्ण जगाला ग्रासले असून आरोग्यव्यवस्थांवर प्रचंड ताण आला आहे. या आजारावर निश्चित उपचार उपलब्ध नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रव्यातील प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करतात आणि ही पद्धत पूर्वीच्या साथींतही वापरली गेली आहे. निरीक्षणात्मक अभ्यासांत तिचे परिणाम आशादायक आढळले आहेत. म्हणून प्लाझ्मा उपचाराची परिणामकारकता तपासण्याचे ठरवले. पद्धती: मध्यम आजार असलेल्या ४६४ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटास प्लाझ्मा दिला. योग्य त्या सांख्यिकी चाचण्या वापरल्या. निकाल: दोन्ही गटांची प्रारंभिक वैशिष्ट्ये तुलनीय होती. सातव्या दिवशी धाप व थकवा नाहीसा झालेल्यांचे प्रमाण प्लाझ्मा गटात लक्षणीय जास्त होते. विषाणूची चाचणी निगेटिव्ह येण्याचे प्रमाणही जास्त होते. आजार बळावणे व मृत्यू यांत लक्षणीय फरक नव्हता. निष्कर्ष: प्लाझ्मा उपचाराने लक्षणे लवकर कमी होतात आणि विषाणू लवकर नाहीसा होतो. हा उपचार सुरक्षित असून मध्यम कोविड-१९ मध्ये त्याचा विचार करावा."

यात एकही वाक्य धडधडीत खोटे नाही, आणि म्हणूनच हा मसुदा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. मुख्य निष्पत्ती पद्धतींत आलेलीच नाही, त्यामुळे निकालांतले चौथे वाक्य हेच चाचणीचे उत्तर आहे हे वाचकाला कळायला मार्ग नाही. जे उत्तर होते ते शेवटी, आकड्यांविना आले. जे दुय्यम होते ते आधी आले. आणि निष्कर्षापर्यंत पोचताना मुख्य उत्तर पूर्णपणे गळून पडले. हा प्रकार विरळा नाही. इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी मुख्य निष्पत्ती सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नसलेल्या ७२ यादृच्छिक चाचण्यांचे शोधनिबंध तपासून २०१० साली 'जामा'मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात सारांशाच्या निष्कर्ष भागात निकालांना असा अनुकूल झुकाव दिल्याचे, म्हणजे 'स्पिन'चे, प्रमाण ५८.३ टक्के होते. सारांशाच्या निकाल भागात ते ३७.५ टक्के होते. म्हणजे मधला भाग ठीक असतानाही शेवटी घसरणारे बरेच आहेत.

पुन्हा लिहायला मी कधीही पार्श्वभूमीपासून सुरुवात करत नाही. आधी नोंदणीचा तपशील उघडतो. भारतातल्या चाचण्यांसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया, म्हणजे 'सीटीआरआय', येथे नोंदवलेली मुख्य निष्पत्ती आणि ती मोजण्याची वेळ एका कोऱ्या कागदावर जशीच्या तशी उतरवतो. शोधनिबंधातली आठवलेली निष्पत्ती नको, नोंदवलेलीच हवी. कारण लिहिता लिहिता 'चोवीस तासांतली' निष्पत्ती नकळत 'सहा तासांतली' झालेली मी पाहिली आहे, आणि लेखकाला त्याचा पत्ताही नव्हता. त्या वाक्याखाली मग मुख्य निकालाचे वाक्य लिहितो. प्लॅसिडचे ते असे होते:

"२८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू ही निष्पत्ती प्लाझ्मा गटात २३५ पैकी ४४ (१९%) आणि नियंत्रण गटात २२९ पैकी ४१ (१८%) जणांत आढळली, जोखीम-गुणोत्तर १.०४ (९५% विश्वासांतराल ०.७१ ते १.५४), जोखीम-फरक ०.००८ (-०.०६२ ते ०.०७८)."

एवढ्या एका वाक्यात सारांशाचा कणा तयार होतो. दोन्ही गटांचे छेद आहेत, दोन्ही गटांतल्या घटना आहेत, परिणामाचा आकार आहे आणि त्याची अनिश्चितता आहे. अंतरालाकडे जरा थांबून पाहा. जोखीम-फरक -०.०६२ ते ०.०७८ याचा अर्थ असा की दर शंभर रुग्णांमागे प्लाझ्मामुळे सुमारे सहा जणांचा तोटा टळत असण्यापासून ते जवळजवळ आठ जणांचा तोटा वाढत असण्यापर्यंतच्या शक्यता या माहितीशी सुसंगत आहेत. 'लक्षणीय फरक नव्हता' या तीन शब्दांत यातले काहीही उरत नाही. फरक खरोखरच नगण्य आहे की चाचणी तो टिपण्याइतकी मोठी नव्हती, हे ओळखण्याचे वाचकाच्या हातातले एकमेव साधन म्हणजे हा अंतराल. तुमच्या चाचणीत प्रत्येक गटात ६० रुग्ण आहेत, त्यामुळे तुमचा अंतराल याहूनही रुंद असण्याची शक्यता आहे. तेव्हा शब्द वाचवण्यासाठी तो उडवू नका. केवळ पी-व्हॅल्यू देऊन भागवूही नका.

दुय्यम निष्पत्तींचे काय करावे? त्या लपवाव्यात असे माझे म्हणणे नाही. त्या मुख्य निष्पत्तीनंतर याव्यात, त्यांना 'दुय्यम' असे म्हटलेले असावे आणि त्यांना मुख्य निष्पत्तीपेक्षा जास्त जागा मिळू नये. प्लॅसिडच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. धाप आणि थकवा ही रुग्णाने सांगायची लक्षणे आहेत आणि चाचणी खुली होती. प्लाझ्मा मिळाल्याचे माहीत असलेला रुग्ण बरे वाटल्याचे सांगण्याकडे झुकू शकतो. म्हणून 'खुली चाचणी' हा शब्द पद्धतींत असायलाच हवा, आणि निकालांतल्या लक्षणांच्या वाक्याला त्याचा पुन्हा स्पर्श झाला तर उत्तम. तुमच्या दोन दुय्यम निष्पत्तींपैकी एखादी रुग्णाच्या सांगण्यावर किंवा तपासणाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असेल आणि चाचणीत ब्लाइंडिंग नसेल, तर हेच तुम्हालाही लागू आहे. दुय्यम निष्पत्ती एकूण किती होत्या हेही सांगा. आठांपैकी दोनांत फरक दिसणे आणि दोनांपैकी दोनांत दिसणे यांचे वजन एक नाही.

'प्रारंभिक वैशिष्ट्ये तुलनीय होती' हे वाक्य मी सारांशातून नेहमी काढतो. त्याची जागा शोधनिबंधातल्या पहिल्या तक्त्यात आहे. ते काढले की प्रतिकूल घटनांसाठी जागा मिळते, आणि ती बहुतेक मसुद्यांत शोधूनही सापडत नाही. सारांशात काय यावे याची 'कॉन्सॉर्ट' गटाने २००८ साली दिलेली यादी पाहिलीत, तर हानी हा तिथला स्वतंत्र मुद्दा आहे. प्लॅसिडमध्ये प्लाझ्मा गटातल्या तीन रुग्णांचे मृत्यू उपचाराशी संबंधित असण्याची शक्यता आहे असे मूल्यमापन झाले होते. वरच्या मसुद्यात त्या जागी 'सुरक्षित' हा एकच शब्द होता.

निकाल तयार झाले की पद्धती उलट दिशेने लिहितो. निकालांतला प्रत्येक आकडा हातात धरून विचारायचे की हा वाचकाला समजण्यासाठी त्याला आधी काय माहीत असायला हवे. २३५ आणि २२९ समजण्यासाठी कोणते रुग्ण आणि कोणती रुग्णालये. ४४ आणि ४१ समजण्यासाठी निष्पत्तीची व्याख्या आणि वेळ. तुलनेसाठी दोन्ही गटांना नेमके काय दिले, मात्रेसह. नियंत्रण गटाला काय मिळाले हे लिहायचे राहून जाते, आणि तुलना तर त्याच्याशीच असते. 'योग्य त्या सांख्यिकी चाचण्या वापरल्या' या वाक्यातून वाचकाला काहीही मिळत नाही. त्याऐवजी विश्लेषण मूळ वाटपानुसार, म्हणजे 'इंटेन्शन टू ट्रीट', केले की नाही हे दोन-तीन शब्दांत सांगा. सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती सारांशात नको.

निष्कर्षाचे पहिले वाक्य हे मुख्य निष्पत्तीचे उत्तरच असले पाहिजे. मी विद्यार्थ्यांना कोऱ्या कागदावरचे ते नोंदवलेले वाक्य समोर ठेवून निष्कर्ष लिहायला सांगतो, आणि निष्कर्षात त्यातलीच नामे वापरायला सांगतो. निष्पत्ती 'आजार गंभीर होणे किंवा मृत्यू' अशी असेल, तर निष्कर्षातही तेच शब्द. 'प्रकृतीतील सुधारणा' किंवा 'एकूण परिणामकारकता' असा पसरट शब्द आला की समजावे, घसरण सुरू झाली. दुसऱ्या वाक्यात अर्थ लावायला हरकत नाही, पण तो चाचणीच्या हद्दीत हवा. प्लॅसिडमध्ये दात्यांच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडांची पातळी आधी मोजून दाते निवडलेले नव्हते. तेव्हा 'पातळी आधी न मोजता दिलेल्या प्लाझ्माने' असे म्हणणे अचूक आहे, आणि सरसकट 'प्लाझ्मा निरुपयोगी आहे' हे म्हणणे चाचणीच्या पुढे जाणे आहे. तोल दोन्ही बाजूंनी जातो, हे इथे लक्षात घ्या. फरक न आढळलेल्या चाचणीतून ठाम नकार काढणेही तितकेच चुकीचे आहे.

पार्श्वभूमी सर्वांत शेवटी लिहितो, कारण तोपर्यंत चाचणीने नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले हे कागदावर आलेले असते. दोन वाक्ये पुरतात: काय माहीत नव्हते, आणि आम्ही काय तपासले. महासाथीने जगाला ग्रासल्याचे २०२० साली कोणाला सांगावे लागत नव्हते. त्याचप्रमाणे मधुमेह ही वाढती समस्या आहे किंवा शस्त्रक्रियेनंतर वेदना होतात, हेही तुमच्या वाचकाला सांगावे लागत नाही. उपचार 'आशादायक' असल्याचे विशेषण तर काढाच, कारण ते वाचकाचे मत आकडे दिसण्यापूर्वीच वळवते.

या रीतीने लिहिल्यावर मसुदा असा होतो:

"पार्श्वभूमी: मध्यम कोविड-१९ मध्ये बऱ्या झालेल्या दात्यांचा प्लाझ्मा वापरात होता, परंतु यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा अपुरा होता. त्याने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळतो का, हे आम्ही तपासले. पद्धती: भारतातील ३९ रुग्णालयांत २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ही खुली, समांतर गटांची यादृच्छिक चाचणी झाली. मध्यम कोविड-१९ असलेल्या प्रौढांना नेहमीच्या उपचारांसोबत २०० मिलिलिटर प्लाझ्माच्या दोन मात्रा २४ तासांच्या अंतराने, किंवा केवळ नेहमीचे उपचार देण्यात आले. मुख्य निष्पत्ती २८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा कोणत्याही कारणाने मृत्यू ही होती. निकाल: ४६४ रुग्णांपैकी २३५ प्लाझ्मा गटात आणि २२९ नियंत्रण गटात होते. मुख्य निष्पत्ती प्लाझ्मा गटात ४४ (१९%) आणि नियंत्रण गटात ४१ (१८%) जणांत आढळली (जोखीम-गुणोत्तर १.०४, ९५% विश्वासांतराल ०.७१ ते १.५४; जोखीम-फरक ०.००८, -०.०६२ ते ०.०७८). दुय्यम निष्पत्तींपैकी सातव्या दिवशी धाप व थकवा नाहीसा होणे आणि विषाणूची चाचणी निगेटिव्ह येणे यांचे प्रमाण प्लाझ्मा गटात जास्त होते. लक्षणांची नोंद उपचार माहीत असताना झाली. तीन मृत्यू प्लाझ्माशी संबंधित असण्याची शक्यता नोंदवली गेली. निष्कर्ष: प्रतिपिंडांची पातळी आधी न मोजता दिलेल्या प्लाझ्माने मध्यम कोविड-१९ मध्ये २८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. नोंदणी: CTRI/2020/04/024775."

प्रत्यक्ष सारांशात दुय्यम निष्पत्तींचेही आकडे दोन्ही गटांसाठी द्यावेत. इथे मी फक्त क्रम आणि वजन दाखवले आहे. पार्श्वभूमी आता सर्वांत मोठा भाग राहिलेली नाही, निकाल सर्वांत मोठे झाले आहेत, आणि 'आजार गंभीर होणे किंवा मृत्यू' हे शब्द पार्श्वभूमी, पद्धती आणि निष्कर्ष या तिन्ही ठिकाणी आहेत; पद्धतींत फक्त 'कोणत्याही कारणाने' एवढी भर आहे. निकालांत 'मुख्य निष्पत्ती' असे म्हणून त्यांचाच निर्देश झाला आहे. शाळेत एकच शब्द पुन्हा न वापरण्याची सवय लावलेली असते. सारांशात ती सोडून द्यावी. निष्पत्तीसाठी दर वेळी नवा पर्यायी शब्द वापरलात, तर वाचकाला त्या वेगवेगळ्या गोष्टी वाटतात.

मसुदा संपल्यावर मी एक तपासणी हाताने करतो. सारांशाची छापील प्रत घेतो, चार भागांना चार रंगांच्या पेन्सिली. मुख्य निष्पत्तीचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे गोल करतो. चारही रंगांत किमान एकेक गोल हवा. मग प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो शोधनिबंधातल्या कोणत्या तक्त्यात आहे ते समासात लिहितो. हे कंटाळवाणे काम मी का करतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सहलेखक असलेल्या एका शोधनिबंधात सारांशातला छेद आणि तक्त्यातला छेद जुळत नव्हते. पाठपुरावा सुटलेले चार रुग्ण एका ठिकाणी वजा झाले होते, दुसरीकडे नव्हते. सारांश आधी लिहिला गेला होता आणि तक्ता नंतर दुरुस्त झाला होता. छपाईनंतर एका वाचकाने ते दाखवून दिले आणि शुद्धिपत्र काढावे लागले. तेव्हापासून तक्ते अंतिम झाल्याशिवाय मी सारांशाला हात लावत नाही.

आता तुमच्या मसुद्याबद्दल एक शंका. अशा निष्कर्षांत 'प्रभावी व सुरक्षित' ही जोडी फार वेळा येते. 'प्रभावी' तर मुख्य निष्पत्तीनेच बाद केले आहे. 'सुरक्षित' लिहिले असेल, तर हा हिशेब करून पाहा: ६० रुग्णांत एखादी गंभीर घटना एकदाही घडली नाही, तरी तिच्या खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारण ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के येते. दर वीस जणांमागे एकाला गंभीर त्रास होण्याची शक्यता तुमची चाचणी फेटाळू शकत नाही. म्हणून निष्कर्षातला तो शब्द काढा, आणि निकालांत 'गंभीर प्रतिकूल घटना: उपचार गटात ६० पैकी ०, नियंत्रण गटात ६० पैकी ०', किंवा तुमच्या तक्त्यात जे आकडे असतील ते, असे लिहा.

मर्यादा तरीही ओलांडली जात असेल, तर कापण्याचा क्रम असा ठेवा: आधी पार्श्वभूमीतली विशेषणे आणि साथीची किंवा आजाराची ओळख, मग प्रारंभिक तुलनेचे वाक्य, मग सांख्यिकीची नावे, मग ज्यांवर तुम्ही काहीच म्हणत नाही अशा दुय्यम निष्पत्ती, आणि शेवटी निष्कर्षातले 'पुढील मोठ्या अभ्यासांची गरज आहे' हे वाक्य. मुख्य निष्पत्तीचे छेद, परिणामाचा आकार, अंतराल आणि हानीचे वाक्य या चार गोष्टींना मात्र कात्री लावू नका. सुधारित सारांशासोबत समीक्षकांना उत्तर पाठवताना 'सारांश सुधारला आहे' एवढेच न लिहिता, मुख्य निष्पत्ती आता कोणत्या भागात कुठे आली आहे आणि निष्कर्षातला कोणता दावा मागे घेतला आहे, हे ओळ क्रमांकांसह लिहा.